बाबा, मामा आणि नाना : अनुनासिकांचें चित्र

पडसें आलेल्या मुलानें 'मामा' म्हणून हाक मारली, तर ती पुष्कळदां 'बाबा' अशी ऐकूं येते. नाक चिमटींत धरून कोणींहि हा प्रयोग करून पाहावा. दोन्ही शब्दांत ओंठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. भेद ओंठांत नसून टाळूच्या मागील मऊ पडद्यांत आहे. 'बा' म्हणतांना हा पडदा वर उचलला जातो व नाकाची वाट बंद होते. 'मा' म्हणतांना तो खालीं उतरलेला असतो, आणि ओंठ मिटलेले असतांहि कंठांतील नाद नाकावाटें बाहेर पडतो. म्हणूनच ओंठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखणाऱ्या बहिऱ्या माणसास 'बाबा' कोणता आणि 'मामा' कोणता हें नुसत्या दृष्टीनें सांगतां येत नाहीं.

अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ध्वनीचें चित्र काढणारें 'स्पेक्ट्रोग्राफ' हें यंत्र सिद्ध झालें, आणि १९४७ सालीं पॉटर, कॉप व ग्रीन यांचा 'व्हिजिबल स्पीच' हा ग्रंथ निघाला. बहिऱ्यांना बोलणें डोळ्यांनीं वाचतां यावें, ही त्या खटाटोपामागील एक आशा होती. चालू बोलणें चित्रावरून भराभर वाचणें फार कठीण ठरलें; परंतु जो भेद ओंठ लपवितात तो या चित्रांत मात्र उघड दिसतो.

या चित्रांत काळ डावीकडून उजवीकडे सरकतो, नादाची कंपनसंख्या खालून वर वाढत जाते, आणि जेथें नाद जोरकस तेथें काळेपणा अधिक असतो. स्वर उच्चारला म्हणजे आडवे काळे पट्टे उमटतात. घसा व तोंड यांच्या पोकळींत कांहीं विशिष्ट कंपनसंख्यांचे नाद घुमतात, त्यांचे हे पट्टे. त्यांना फॉर्मंट म्हणतात. प्रौढ पुरुषाच्या 'आ' मध्यें पहिला पट्टा सेकंदास सुमारें ७०० कंपनांपाशीं व दुसरा सुमारें १२०० पाशीं असतो.

आतां 'बाबा' आणि 'मामा' यांचीं चित्रें शेजारीं ठेवावीं. 'बाबा' मधील दुसऱ्या 'ब'च्या वेळीं चित्र जवळजवळ पांढरें पडतें. तळाशीं मात्र कंठनादाची एक बारीक पट्टी राहते, आणि ओंठ सुटतांच एक उभी रेघ उमटते. 'मामा' मधील दुसऱ्या 'म'च्या वेळीं ही जागा पांढरी नसते. तळाशीं, २५० ते ३०० कंपनांच्या आसपास, एक ठळक पट्टा असतो, त्याच्या वर कांहीं फिकट करडे पट्टे असतात, आणि उभी रेघ सहसा नसते. दोन्ही बाजूंच्या कडा मात्र कात्रीनें कापल्याप्रमाणें असतात, कारण ओंठ एका क्षणांत मिटतात व एका क्षणांत उघडतात. या मधल्या तुकड्यास 'अनुनासिक गुंजन' म्हणतां येईल. कंठापासून नाकपुड्यांपर्यंतची वाट कंठापासून ओंठांपर्यंतच्या वाटेपेक्षां लांब आणि शेवटीं अरुंद असते. म्हणून तिच्यांत घुमणारा पहिला नाद इतका खालचा असतो.

परंतु या गुंजनांत मध्येंच एखादी फिकी किंवा पांढरी पट्टी कां दिसते? येथें तोंडाचा संबंध येतो. 'म' म्हणतांना नाद नाकावाटें जातो, तरी तोंड निरुपयोगी नसतें. तें मुख्य वाटेला लागून असलेल्या, पलीकडून बंद असलेल्या खोलीसारखें असतें. ज्या नादाच्या लहरीची लांबी या खोलीच्या लांबीच्या चौपट असते, तो नाद खोलीच्या तोंडाशीं आला कीं सारा तिच्यांतच ओढला जातो व नाकाकडे जवळजवळ कांहींच उरत नाहीं. फॉर्मंट नादाला उचलून धरतो, तर हा नादाला गिळून टाकतो; म्हणून त्यास 'अँटिफॉर्मंट' म्हणतात.

हिशेब सोपा आहे. ओंठ मिटलेले असतां तोंडाची ही खोली सुमारें ८ सेंटिमीटर लांब धरूं. तिची चौपट ३२ सेंटिमीटर. उबदार हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३५,००० सेंटिमीटर. त्यास ३२ नें भागलें म्हणजे सुमारें ११०० कंपनें येतात. 'नाना' म्हणतांना जिभेचें टोंक दांतांच्या मागें टेकून खोली आंखूड करतें. ती साडेपांच सेंटिमीटर धरली तर तोच हिशेब १६०० च्या जवळ जातो. 'ङ' मध्यें जीभ अगदीं मागें टेकते, खोली फारशी उरतच नाहीं, आणि गिळला जाणारा नाद ३००० च्याहि वर सरकतो. ओसामु फुजिमुरा यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणींत 'म'साठीं ७५० ते १२५० आणि 'न'साठीं १४५० ते २२०० अशा मर्यादा आल्या आहेत. वरील ढोबळ हिशेब त्यांत बसतो.

अनुनासिकें फिकीं दिसण्याचें हें एक कारण झालें. दुसरें कारण नाकाच्या आंतील रचना. तेथील वाट अनेक पापुद्र्यांनीं विभागलेली व ओलसर, मऊ त्वचेनें मढलेली असते. गाद्यागिरद्यांच्या खोलींत आवाज दबावा तसा नाद तेथें शोषला जातो. त्यामुळें पट्टे नुसते फिके न होतां पसरटहि होतात. तिसरें कारण असें कीं, पहिला अनुनाद इतका खालीं गेल्यामुळें त्याच्या वरील सर्व अनुनादांचा जोर उतरतो, आणि अरुंद नाकपुड्या उघड्या तोंडाइतका नाद बाहेर टाकूं शकत नाहींत.

शेजारच्या स्वरासहि याची झळ पोंचते. टाळूचा पडदा ओंठांइतका चपळ नसतो. 'मामा' मधील पहिला 'आ' दोन 'म'कारांच्या मध्यें सांपडल्यामुळें बहुधा सबंध सानुनासिक होतो. आतां तोंड ही मुख्य वाट आणि नाक ही बाजूची खोली, अशी उलट स्थिति होते. पहिल्या फॉर्मंटच्या जवळ नाकाचा एक नवा अनुनाद व एक नवा अँटिफॉर्मंट उभा राहतो, आणि 'बाबा' मध्यें जो पट्टा आटोपशीर व काळा होता तो येथें पसरट व पुसट होतो.

चित्र वाचतांना दोन चुका हमखास होतात. प्रत्येक पांढरी पट्टी अँटिफॉर्मंट समजणें ही पहिली. दोन फॉर्मंटांमधील मोकळी जागाहि पांढरीच दिसते, आणि उलट खोलींतील पंख्याचा आवाज खरा अँटिफॉर्मंट भरून काढतो. संगणकानें काढलेल्या फॉर्मंटांच्या रेघांवर विसंबणें ही दुसरी. तो हिशेब सामान्यतः फक्त उचलणारे अनुनाद गृहीत धरतो, गिळणारे नाहीं. म्हणून अनुनासिकांत त्या रेघा भलतीकडे जातात.

यास्तव 'म' कीं 'न' हें ठरवितांना गुंजनापेक्षां त्याच्या कडेचा स्वर पाहावा. 'मा' मध्यें 'आ'चा दुसरा पट्टा खालून चढत येतो. 'ना' मध्यें तो वरून, १७०० च्या आसपासून, उतरत येतो. 'प्राट' नांवाच्या मोफत संगणकीय साधनांत हें घरींहि पाहतां येतें. एकाच माणसानें एकाच अंतरावरून 'बाबा', 'मामा', 'नाना' म्हणावें, आणि शेवटीं नाक धरून पुन्हां 'मामा' म्हणावें. त्या शेवटच्या चित्रांत मधलें करडें गुंजन नाहींसें होऊन तेथें 'बाबा'ची पांढरी जागा आली, तर नाकाचा वांटा किती होता हें डोळ्यांनींच दिसेल.