चार ओळींचा नियम आणि कवितेच्या उद्धृताची मर्यादा

कवितेच्या चार ओळी परवानगीशिवाय छापता येतात, असा समज साहित्यसमीक्षा लिहिणाऱ्यांमध्ये रूढ आहे. कोणी हीच मर्यादा दहा टक्के सांगतात. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात मात्र असा कोणताही आकडा नाही. त्याचे कलम ५२ समीक्षेसाठी ‘रास्त वापर’, म्हणजे परवानगीवाचून केलेला परंतु हेतू आणि प्रमाण यांच्या दृष्टीने समर्थनीय ठरणारा वापर, मान्य करते. मजकूर किती घेतला, कशासाठी घेतला आणि त्यामुळे मूळ कृतीला स्पर्धा निर्माण होते का, हे निकष केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाच्या प्रतिनाटकासंबंधीच्या खटल्यात लावले होते.

बारा ओळींच्या कवितेवरील एखाद्या निबंधात आरंभी चार, मध्ये चार आणि अखेरीस चार ओळी उद्धृत झाल्या, तर प्रत्येक उतारा लहान दिसत असला तरी एकूण कविताच छापली जाते; म्हणून सर्व उताऱ्यांची बेरीज करून ती मूळ कवितेच्या लांबीशी ताडून पाहावी लागते. याउलट चारशे ओळींच्या खंडकाव्यातील वीस ओळींच्या यतिस्थानांची आणि प्रतिमांची ओळीगणिक चिकित्सा केलेली असेल, तर तो मोठा उतारा समर्थनीय ठरण्याची शक्यता अधिक असते. उद्धृत काढून टाकल्यावर युक्तिवाद लंगडा पडतो की तसाच उभा राहतो, ही सोपी कसोटी लेखकाने स्वतःच लावून पाहावी. प्रकरणाच्या माथ्यावर शोभेसाठी दिलेल्या आणि पुढे चर्चेत कुठेही न येणाऱ्या ओळी या कसोटीवर बहुधा टिकत नाहीत.

कवीचे नाव दिले की दोष उरत नाही, हा समजही अपुरा आहे, कारण नामोल्लेखाने वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो, परंतु प्रमाणाबाहेरच्या वापराला त्यामुळे परवानगी मिळत नाही. कवीच्या मृत्यूबरोबर हक्क संपतात, हेही खरे नाही. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीचे संरक्षण मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालते. त्यामुळे १९५६ मध्ये निधन पावलेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या अशा कविता २०१६ अखेर मुक्त झाल्या, तर कुसुमाग्रजांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहतील. तुकारामांचे अभंग अर्थातच मुक्त आहेत, पण त्यांच्या आधुनिक संपादकाच्या टीपा किंवा अलीकडचा अनुवाद तसा असेलच असे नाही.

गीतांच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. ध्वनिमुद्रिकेवर कंपनीचे नाव असते म्हणून परवानगी तिच्याकडेच मागितली जाते. वस्तुतः शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क वेगवेगळे असून छापील निबंधात केवळ शब्दांचा प्रश्न येतो, आणि ते हक्क गीतकाराच्या वारसांकडे आहेत की करारान्वये इतरत्र गेले आहेत, हे त्या त्या गीतापुरते तपासावे लागते.