‘रविवारी रात्री 8 वाजता मीटिंग’ एवढं पुरत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर ‘रविवारी रात्री 8 वाजता ऑनलाइन मीटिंग, विषय लिफ्ट’ असा निरोप येतो आणि लगेच प्रश्न सुरू होतात: कुठला रविवार? लिंक कुठे? ठरवायचं काय?

‘लिफ्टबाबत चर्चा’ हा नुसता विषय झाला. ‘दुरुस्तीच्या दोन दरपत्रकांपैकी एक निवडणे’ हा उद्देश. तो कळला की लोक दरपत्रकं वाचून येतात. मग क्रम लिहावा: दरांची तुलना 15 मिनिटं, शंका 20, मतदान 10.

खरा घोळ वेळेचा. एखादे सभासद न्यू जर्सीत असतील, तर 25 ऑक्टोबर 2026 ला आपले रात्रीचे 8 म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा. 15 नोव्हेंबरला मात्र साडेनऊ, कारण 1 नोव्हेंबरला तिथली घड्याळं तासभर मागे जातात. म्हणून असं लिहावं: ‘रविवार, 15 नोव्हेंबर 2026, रात्री 8 ते 8.45 (भारतीय वेळ). न्यू जर्सीत सकाळी 9.30’.

लिंक आणि पासकोड त्याच निरोपात, स्वतंत्र ओळीवर द्यावेत. वेळ बदलली तर जुना निरोप काढून पूर्ण नवा पाठवा. नुसतं ‘9 वाजता’ लिहून भागवू नका.