स्ट्रायकर सोंगटीमागे का जातो?

शीवमध्ये कॅरम खेळणाऱ्याला हे ठाऊक असतं: सोंगटी नाकासमोर मारली, की स्ट्रायकरही मागोमाग पॉकेटात जातो आणि ड्यू बसतो. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी जेमतेम ५. संवेग आणि गतिज ऊर्जा टिकली, तर टकरीनंतरही दोघांच्या वेगांतला फरक तेवढाच राहतो. सेकंदाला २ मीटरने आलेला स्ट्रायकर १ मीटरने पुढे जातो, सोंगटी ३ मीटरने सुटते. जड वस्तू हलकीला धडकून थांबत नाही!

प्रत्यक्षात फरकाचा काही हिस्साच उरतो. तो उसळीचा गुणांक. ०.८ धरल्यास स्ट्रायकर १.१ मीटरने मागे लागतो, म्हणजे धोका वाढतोच.

हाच गुणांक चेंडूच्या उसळीतही दिसतो. टेबल टेनिसच्या नियमानुसार ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू टेबलावरून सुमारे २३ सेंटिमीटर उसळतो. उंचींच्या गुणोत्तराचं वर्गमूळ म्हणजे गुणांक, ०.८८; पुढच्या उसळ्या साधारण १७.६ आणि १३.५.