रविवारची दुसरी पंगत

मार्वेच्या धक्क्यावरून सुटलेली बोट खाडी ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत मनोरीला लागते. रविवारी दुपारी बारानंतर त्या बोटीतून उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा बेत ठरलेला असतो: समुद्रावर फेरफटका मारायचा आणि मासळीवर ताव मारायचा. भाईंदरहून उत्तन, गोराईमार्गे गाड्याही येतात, पण त्या एकेक करून पोचतात. बोट मात्र माणसं घोळक्यानं उतरवते. मनोरीत जेवण वाढणाऱ्या प्रत्येकाचं रविवारचं गणित इथूनच सुरू होतं.

हे गणित काळजीपूर्वक समजून घ्यावं असं आहे. जागा तेवढीच, खुर्च्या तेवढ्याच, तरीही दुपारी साठऐवजी नव्वद माणसं जेवू शकतात, आणि एकालाही घाईनं उठवावं लागत नाही. अट एवढीच की टेबलावरचा वेळ नेमका कुठे जातो, हे ठाऊक हवं.

माटुंग्यापासून सुरुवात करू, कारण मुंबईत ही विद्या तिथे पक्की झाली. १९४२ साली सुरू झालेलं ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग घ्या. तिथे आधी गल्ल्यावर पैसे देऊन कुपन घ्यायचं, नंबर लागला की बसायचं, आणि केळीच्या पानावर लगेच वाढप सुरू. मेन्यू चाळणं नाही, ऑर्डर नाही, बिलाची वाट पाहणं नाही. माणूस खुर्चीवर असतो तो जवळजवळ सगळा वेळ जेवतच असतो. म्हणून पोटभर, निवांत जेवूनही खुर्ची लवकर मोकळी होते. लग्नाच्या पंगतीचंही तसंच. पंगत उठायला वेळ लागतो तो जेवणाऱ्यांमुळे कमी, आणि पानं मांडण्या-उचलण्यामुळे जास्त.

मनोरीत मात्र माटुंग्याची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. इथे माणूस दिवस घालवायला येतो. तांदळाच्या भाकरीबरोबर सुरमई, मग कालवण-भात, वर सोलकढी, आणि त्यात गप्पा. ईस्ट इंडियन घरात जेवायला बसला असेल तर बॉटल मसाल्याचं कालवण आणि फुगियास. हा मधला निवांतपणा हेच तर तो विकत घेत असतो. तेव्हा वेळ वाचवायचा तो जेवणाच्या आधीचा आणि नंतरचा. मधल्या वेळेला हात लावायचा नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेरिल काइम्स यांनी १९९८पासून उपाहारगृहांच्या या गणितावर अभ्यास मांडला. उत्पन्न नुसतं माणसामागे न मोजता प्रत्येक खुर्चीमागे दर तासाला मोजा, हा त्यांचा आग्रह. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेवणाच्या वेगाचे तीन टप्पे केले: पहिला पदार्थ येण्याआधीचा, प्रत्यक्ष जेवणाचा आणि बिलाचा. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातली चपळाई लोकांना फारशी खुपत नाही, मधल्या टप्प्यातली घाई मात्र खुपते, असं त्यांना आढळलं. ताटात भात असताना कुणी शेजारचं ताट उचललं तर आपल्याला काय वाटतं, ते आठवलं की हे पटतं.

आता उदाहरणच सोडवू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण मनोरीच्या बेताचे. एका खानावळीत ४४ खुर्च्या आहेत: चौघांची आठ टेबलं आणि सहा जणांची दोन. दुपारी साडेबारा ते साडेतीन, म्हणजे १८० मिनिटं गर्दीची. एक वही आणि घड्याळ घेऊन कुणीतरी गल्ल्याजवळ बसायचं आणि प्रत्येक टेबलाच्या सहा वेळा टिपायच्या: माणसं बसली, ऑर्डर गेली, पहिला पदार्थ आला, जेवण संपलं, माणसं उठली, पुढची माणसं बसली. दोन-तीन रविवार टिपल्यावर चित्र असं दिसतं: बसल्यापासून ऑर्डरपर्यंत १२ मिनिटं, पहिल्या पदार्थापर्यंत आणखी २२, जेवण ४२, बिल मागून पैसे देऊन उठेपर्यंत १४, आणि टेबल आवरून फडका मारायला ६. एकूण ९६. यालाच टेबलाची एक फेरी म्हणायचं. फेरी मोजताना बरेच जण पाहुणे उठले की घड्याळ थांबवतात. खरकटी ताटं पडलेलं टेबल मोकळं दिसतं, पण ते मोकळं नसतं. म्हणून फेरी पुढचा पाहुणा बसेपर्यंत मोजायची.

९६पैकी जेवणाची मिनिटं ४२च. बाकीची ५४ मिनिटं पाहुणा कशाची तरी वाट पाहत असतो, नाहीतर टेबल आवरण्याची वाट पाहत असतं. ती कमी केली तर उलट पाहुण्यावर उपकारच होतात. बाहेर थांबलेल्यांच्या हातात मेन्यू द्यायचा, आजची ताजी मासळी फळ्यावर लिहायची, आणि मोठ्या घोळक्याची ऑर्डर बसण्याआधीच घ्यायची. १२ मिनिटांची ५ होतात. तळायला वेळ न लागणारं काही, सोलकढी किंवा तिसऱ्यांचं सुकं, आधी पाठवलं की २२ची १६ होतात. बिल तयार करून गल्ल्यावर ठेवायचं. टेबलावर न्यायचं ते मागितल्यावरच, पण मागितल्यावर एका मिनिटात, आणि पैसे घेण्याची सोय टेबलाशीच करायची. १४ची ६. ताटं उचलायला एकाऐवजी दोन पोरं लावली की ६ची ३. जेवणाची ४२ तशीच. नवी फेरी ७२ मिनिटांची. आधी १८० मिनिटांत एका टेबलाच्या पावणेदोनहून थोड्या जास्त फेऱ्या व्हायच्या, आता अडीच होतात.

दुसरी गळती खुर्च्यांची. रविवारी आलेले घोळके मोजले की वीसपैकी नऊ जोडपी निघतात, सहा घोळके तिघा-चौघांचे आणि पाच मोठे. चौघांच्या टेबलावर जोडपं बसलं की दोन खुर्च्या तासभर रिकाम्या राहतात. सगळी टेबलं भरली तरी ४४ खुर्च्यांवर माणसं असतात साधारण ३२च. तीन चौकोनी टेबलं काढून त्यांच्या जागी दोघांची सहा छोटी ठेवली की खुर्च्या ४४च राहतात, पण टेबलं तेरा होतात आणि बसलेली माणसं चाळीसच्या आसपास जातात. छोटी टेबलं एकाच उंचीची घ्यावीत, म्हणजे गरज पडली की जोडून चौघांचं टेबल करता येतं. माटुंग्यात अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवण्याची रीत आहे. मनोरीत सहलीला आलेलं जोडपं त्याला राजी होणार नाही, म्हणून इथे टेबलच बदलायला हवं.

आता गुणाकार करा. आधी ३२ माणसं आणि १८०ला ९६नं भागून आलेल्या फेऱ्या, म्हणजे ६० जणांचं जेवण. नंतर ४० माणसं आणि अडीच फेऱ्या, म्हणजे शंभर. कागदावर शंभर लिहून वही मिटणाऱ्याची पुढच्या रविवारी फजिती होते, कारण त्यानं स्वयंपाकघरात डोकावलेलंच नसतं.

तव्यापाशी जाऊ. मोठ्या तव्यावर सुरमईच्या आठ तुकड्या मावतात आणि दोन्ही बाजू नीट व्हायला आठेक मिनिटं लागतात. हिशोबानं तासाला ६० तुकड्या झाल्या, पण उतरवणं, रवा लावणं, तेल पुन्हा तापणं यात वेळ जातो. खऱ्या अर्थानं ४५च निघतात. माणशी दीड तुकडी जाते असं धरलं तर तासाला ३० माणसांचं तळण होतं. म्हणजे तीन तासांत ९०. शंभर नाही.

इथे १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला साधा नियम उपयोगी पडतो. आत बसलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. तव्याचा वेग तासाला ३०, फेरी ७२ मिनिटं म्हणजे १.२ तास. गुणाकार ३६. एका वेळी ३६ माणसं आत असतील तोवर तवा पुरा पडतो. चाळीस बसवली की तळण मागे पडतं, पहिल्या पदार्थाची १६ मिनिटं पुन्हा २२ होतात, पंचवीस होतात, आणि वाचवलेला वेळ हातचा जातो. रिकामी खुर्ची दिसली म्हणून माणूस बसवायचा नाही, याचं कारण हे. बाहेर सावलीत मेन्यू वाचत थांबलेला माणूस चिडत नाही. टेबलावर बसून रिकामं ताट बघणारा चिडतो.

बोटीनं आलेल्या घोळक्याला हाच नियम लावायचा. वीस-पंचवीस माणसं एकदम आली तर निम्मी लगेच बसवायची आणि उरलेली दहा मिनिटांनी. सगळ्यांना एका क्षणी बसवलं तर सगळ्यांचं तळण एकाच वेळी तव्यावर येतं, आणि पुढे सगळ्यांचं बिलही एकाच वेळी. ही लाट दुपारभर मागे लागते.

किती वेळ थांबावं लागेल, हे सांगणंही मोजूनच व्हावं. तेरा टेबलांत सरासरी साडेपाच मिनिटांनी एक टेबल सुटतं, पण हा आकडा चौघांच्या घोळक्याला सांगणं म्हणजे फसवणूक. त्यांच्यासाठी टेबलं पाचच आहेत, म्हणजे सुमारे १४ मिनिटांनी एक. सहा जणांसाठी दोनच टेबलं, तर ३६ मिनिटांनी एक. शिवाय मोठा घोळका जोडप्यापेक्षा जास्त वेळ बसतो, तेव्हा त्यांच्या फेरीची सरासरी वेगळी काढावी. सरासरीपेक्षा पक्की खूण मात्र ताटात दिसते. भाकरी संपून भात मागितला की जेवण उतरणीला लागलं. सोलकढीचा दुसरा पेला आला की आणखी जवळ. दारावरच्या माणसानं वेटरला घड्याळाऐवजी एवढंच विचारावं: कोणत्या टेबलाला भात लागलाय?

घाई होतेय का, हेही त्याच वहीतून कळतं. आधीच्या आणि नंतरच्या टप्प्याची मिनिटं कमी होणं चांगलं. पण ४२ मिनिटांचं जेवण कुणी न ठरवता ३६वर आलं, सोलकढीची दुसरी मागणी घटली, गोड न मागताच लोक उठू लागले, तर कुठेतरी ताट लवकर उचललं जातंय किंवा वेटर टेबलाशी घुटमळतोय. तेव्हा फेरी ७२वरून ६६ झाल्याचा आनंद मानू नये.

हे आकडे वर्षभर टिकतही नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ताजी मोठी मासळी कमी होते, मेन्यूत कोंबडी आणि कालवणं वाढतात. ती मोठ्या पातेल्यात आधीच शिजलेली असतात, म्हणून तव्याची अडचण संपते आणि मर्यादा पुन्हा खुर्च्यांवर येते. तेव्हा ३६ची मर्यादा धरून बसणं म्हणजे पाहुण्यांना पावसात विनाकारण उभं करणं. मासळी परतली की तवा पुन्हा मोजायचा. ज्याला ६०चे ९० करायचे आहेत त्यानं प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला दोन गोष्टी नव्यानं टिपाव्यात: टेबलाची फेरी आणि तव्याचा तासाचा वेग. मग लहान निघेल त्या आकड्यानं माणसं बसवावीत, आणि जेवणाची ४२ मिनिटं पाहुण्याची म्हणून सोडून द्यावीत.