‘बघू रे’ म्हणजे होकार का?

समजा, एक ताई घरी फराळ बनवते आणि शेजारचा तरुण तिला ऑर्डरी आणून देतो. कागद केलेला नाही, जे ठरलं ते बोलण्यात. जुलैमध्ये तो व्हॉट्सअॅपवर लिहितो, ‘‘ताई, सत्तर-तीस धरूया ना? तीस माझे.’’ उत्तर येतं, ‘‘बघू रे, आधी सीझन तर होऊ दे.’’ तो अंगठा टाकतो.

एवढ्यावर काही ठरलं असं म्हणता येत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७ नुसार स्वीकार विनाअट असावा लागतो. ‘बघू’मध्ये तो नाही. अंगठाही त्याचाच, स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच संमती देऊन करार होत नाही.

पण चॅट तिथेच थांबत नाही. गणपतीनंतर ताई ९,००० रुपये पाठवते आणि लिहिते, ‘‘तुझे तीस टक्के, बघ.’’ माझ्या मते सगळ्या चॅटमधली सर्वांत वजनदार ओळ हीच. जुलैतला संकोच इथे कृतीने मिटला. त्यानंतर नवा दर न बोलता दोघं दिवाळीच्या ऑर्डरी घेत राहिले, म्हणजे तीच टक्केवारी पुढे चालू राहिली असं मानायला चांगला आधार मिळतो.

खरा वाद निघतो तो तीस टक्के कशाचे, यावर. दिवाळीत सामान, भाडं आणि मदतनिसांची मजुरी वजा जाता १,१०,००० रुपये उरले. तरुण ३३,००० मागतो. ताई आधी आपल्या मेहनतीचे ५०,००० काढते आणि उरलेल्या ६०,०००चे तीस टक्के, म्हणजे १८,००० देऊ करते. चॅटमध्ये ‘नफा’ कसा मोजायचा हे कुठेच नाही. अशा वेळी मागचा हिशोब शोधावा. गणपतीचे ९,००० हे ताईची मजुरी न कापता उरलेल्या ३०,०००वर काढले असतील, तर पद्धत तिनेच दाखवून दिली आहे.

शिवाय हे दोघं कायद्याने भागीदार ठरले, तर १९३२च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ लागू होतं: वेगळं ठरलं नसेल तर कामाबद्दल भागीदाराला पगार नाही आणि नफा समसमान. म्हणजे ‘तीस टक्के ठरलेच नव्हते’ असं ताईने सिद्ध केलं, तर तरुणाला ५५,००० मिळू शकतात! अर्थात नुसता नफ्यात वाटा असला म्हणून कुणी भागीदार होत नाही. तो केवळ कमिशनवर ऑर्डरी आणत होता असं दिसलं, तर हे कलम त्याच्या कामाचं नाही.

चॅट वाचताना सुटा स्क्रीनशॉट पुरत नाही. ‘तुझे तीस टक्के’च्या आधी ‘या वेळेपुरते’ असं लिहिलेलं असेल, तर वरचा सगळा तर्क कोसळतो. म्हणून तारखांसह अख्खी चॅट एक्स्पोर्ट करून घ्यावी आणि मूळ फोन जपावा. न्यायालयात अशा नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं.