त्रुटिदर मर्यादा
त्रुटिदर मर्यादा म्हणजे दोन विदागारांचे समक्रमण चालू असताना नाकारल्या गेलेल्या नोंदींचे प्रमाण ठरावीक टक्केवारीपलीकडे गेल्यास काम थांबवणारी अट होय. एखादी नोंद चुकीच्या तारखेमुळे नाकारली जाणे स्वाभाविक आहे. मात्र स्रोतातील स्तंभांचा क्रमच बदलला असेल, तर बहुतेक नोंदी नाकारल्या जातात, आणि ज्या चुकून स्वीकारल्या जातात त्या अधिक घातक ठरतात.

मर्यादा ५ टक्के असताना पहिल्या १० नोंदींपैकी एकच चुकली, तरी दर १० टक्के भरतो व काम विनाकारण थांबते. म्हणून, उदाहरणार्थ, १,००० नोंदी झाल्यावरच दर तपासतात.

थांबणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. ओरॅकलच्या एसक्यूएल लोडरमध्ये `ERRORS` ही मर्यादा (टक्क्यांत नव्हे, संख्येत) मुळात ५० असते. ती ओलांडल्यावर भरणा थांबतो, पण नेहमीच्या पद्धतीत तोवर भरलेल्या नोंदी तक्त्यात तशाच राहतात.