संमतिपत्रावर सही घेण्याआधी

डेंटल कॉलेजात अक्कलदाढ काढायला आलेल्या माणसापुढे एक छापील कागद येतो. ‘मला उपचाराचे सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत’ असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली सहीसाठी रेघ असते. कोणते धोके, ते कोणी सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले, याचा त्या वाक्यात पत्ता नसतो. कागद वाचून पेशंटला काही कळत नाही, आणि उद्या तक्रार झालीच तर डॉक्टरलाही त्याचा फारसा आधार मिळत नाही.

काय सांगायला हवं, हे आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात स्पष्ट केलं. खटला दातांचा नव्हता. एका बाईंनी दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. जिवाला धोका नव्हता आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना विचारता आलं असतं, म्हणून कोर्टाने ही संमती धरली नाही. पेशंटला चार गोष्टी सांगायलाच हव्यात, असं निकाल म्हणतो: उपचार काय आहे आणि कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, महत्त्वाचे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल. क्वचित घडणारी प्रत्येक गोष्ट सांगून माणसाला घाबरवायची गरज नाही, हेही त्यात आहे.

दातांच्या खुर्चीत या चार गोष्टी कशा उतरतात, ते एका कल्पित पेशंटवरून पाहू. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे चौतीस वर्षांचे एक गृहस्थ आले आहेत. खालची डावी अक्कलदाढ आडवी अडकली आहे. वर्षभरात तीनदा हिरडी सुजली, तोंड उघडेना झालं, गोळ्या घेतल्या की तात्पुरतं बरं वाटलं. आता सूज नाही, म्हणून ते दाढ काढायला आलेत. समोर इंटर्न आहे.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, पाहिला तर दाढेची मुळं जबड्यातल्या नसेच्या नळीवर आलेली दिसतात आणि मुळाजवळ त्या नळीची पांढरी कड तुटलेली आहे. नस मुळाला अगदी लागून असावी, याची ही खूण. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना याच नसेतून जाते. दाढ काढताना ती दबली तर त्या बाजूचा ओठ बधिर होतो. बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संवेदना परत येते. एकूण पेशंटांचा हिशेब केला तर कायमचा बधिरपणा शंभरात एकाहूनही कमी जणांना येतो, पण एक्स-रेत अशी खूण असेल तर शक्यता त्याहून जास्त धरायला हवी.

अशा वेळी पेशंटचा व्यवसाय विचारलाच पाहिजे. ही नस फक्त संवेदनेची आहे, ओठ हलवायचं काम तिचं नाही, त्यामुळे बधिर ओठानेही माणूस बोलतो, जेवतो. पण क्लॅरिनेट वाजवणारा खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडतो आणि वाद्याची रीड त्याच ओठावर टेकवतो. सूर धरताना रीडवर किती दाब पडतोय, ते त्याला ओठावरच कळतं. एखाद्या कारकुनाला जो बधिरपणा चालवून घेता येईल, तो या माणसाचं पोट बंद करू शकतो. म्हणून हा धोका त्याला सांगायलाच हवा, आणि इतर पेशंटांपेक्षा जास्त खोलात सांगायला हवा.

इंटर्न म्हणते, “काका, दाढ काढताना खालच्या ओठाची नस दुखावू शकते. मग ओठाला स्पर्श नीट कळणार नाही. बहुतेकांचं बरं होतं, थोड्यांचं राहून जातं. तुमची मुळं नसेजवळ आहेत, म्हणून सीबीसीटी काढून नस नेमकी कुठून जाते ते आधी बघू.”

“आणि ती अगदी चिकटलेली निघाली तर?”

“तर दाढेचा वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवता येतात. नसेचा धोका कमी होतो, पण मुळांनी पुढे त्रास दिला तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. काहीच न करता जागा स्वच्छ ठेवणं हाही पर्याय आहे, फक्त सूज पुन्हा येण्याची शक्यता मोठी आहे.”

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. सूज दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरते, आठवडाभर तोंड कमी उघडतं, आणि दुखणं कमी होण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलं तर जखमेतली रक्ताची गाठ सुटलेली असू शकते, तेव्हा लगेच यायचं.

शिकणाऱ्या डॉक्टरने आणखी एक गोष्ट सांगायची असते, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. ‘मी इंटर्न आहे, दाढ मी काढेन, सर शेजारी उभे असतील आणि अडलं तर हातात घेतील. तुम्हाला माझ्याकडून नको असेल तर सर करतील, त्यासाठी उपचार थांबणार नाही.’ कॉलेजात प्रत्येकाला ठरावीक केसेसचा कोटा पुरा करायचा असतो. त्या घाईत समोरच्याचा होकार ओढून घेण्याचा मोह होतो, म्हणून हे वाक्य टाळू नये असं मला ठामपणे वाटतं. बोलणं झाल्यावर पेशंटलाच विचारावं, “घरी वहिनींना काय सांगाल?” त्याच्या उत्तरात ओठाचा उल्लेख आला नाही, तर सांगणं अजून पोचलेलं नाही. आणि हे सगळं इंजेक्शनच्या आधी, तो खुर्चीत सरळ बसलेला असताना व्हायला हवं.

मग लिहायचं. छापील फॉर्म लागतोच, पण खरी नोंद केस पेपरवर हाताने होते. ती साधारण अशी असावी:

“दाढ ३८, आडवी अडकलेली. ओपीजीत मुळाजवळ नळीची कड तुटलेली. पेशंट क्लॅरिनेट वाजवतात. ओठाच्या तात्पुरत्या आणि कायमच्या बधिरपणाबद्दल मराठीत सांगितलं. पर्याय: पूर्ण काढणे, मुळं ठेवणे, न काढणे. पेशंटने विचारलं, नस चिकटलेली असेल तर काय. उत्तर दिलं. दाढ इंटर्न काढणार हे सांगितलं, मान्य. आज दोन्ही बाजूंच्या ओठाची संवेदना सारखी.”

खाली तारीख, वेळ, इंटर्नचं नाव आणि सही, आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकाची सही. पेशंट अंगठा देत असेल तर साक्षीदाराचं नाव, आणि दुसऱ्या कोणी भाषा समजावून दिली असेल तर त्याचंही. नोंदीतलं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ऑपरेशनआधी ओठ कसा होता हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर नंतरच्या तक्रारीचं मोजमाप कशाशी करणार? लिग्नोकेनची भूल ओठावर तीन ते पाच तास राहते. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर कापसाच्या बोळ्याने तपासून, जिथे स्पर्श कळत नाही तेवढा भाग चित्रात आखून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच्याशी ताडून बघायचा.

ऑपरेशनच्या दिवशी भुलीच्या औषधाचं नाव आणि प्रमाण, टाके किती, काय अडचण आली, घरी जाताना काय सांगितलं, हेही त्याच दिवशी लिहावं. चुकलं तर त्यावर एक रेघ मारावी, बाजूला सही आणि तारीख टाकावी. खाडाखोड केलेली किंवा मागची तारीख घालून भरलेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. दाढ काढताना शेजारच्या ३७ मध्ये कीड दिसली तरी तिला हात लावायचा नाही. ते पेपरवर लिहायचं आणि त्याची संमती वेगळी घ्यायची. शिकण्यासाठी फोटो काढायचा असेल तर त्यालाही वेगळी संमती लागते, आणि असा फोटो स्वतःच्या मोबाइलच्या ग्रुपवर जाता कामा नये.

आपले गृहस्थ सगळं ऐकून म्हणतात, लग्नसराई संपू द्या, मग येतो. हा निर्णयही केस पेपरवर आला पाहिजे: आज दाढ काढायची नाही असं पेशंटने ठरवलं, सूज पुन्हा येऊ शकते हे सांगितलं, ताप आला, गिळताना त्रास झाला किंवा तोंड उघडेनासं झालं तर तारखेची वाट न पाहता यायला सांगितलं, सीबीसीटी लिहून दिला. त्याखाली तारीख, वेळ, पेशंटची सही, इंटर्नची सही आणि शिक्षकांची सही.